स्केल, रिन्यूअल आणि ट्रेल : बँक, विमा आणि गुंतवणूक या तीन क्षेत्रांत दहा वर्षांनी हातात काय उरतं

गेल्या दिवाळीत माझी भाची दोन कागद घेऊन घरी आली. एक होता सरकारी बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसर परीक्षेचा निकाल, दुसरा एका खासगी आयुर्विमा कंपनीचं ऑफर लेटर. तिसरा पर्याय तिच्या डोक्यात होता. "मावशी, नाहीतर मी सरळ तुझ्याबरोबरच काम सुरू करते की. तुझं बरं चाललंय."

मी सरकारी बँकेत साडेपाच वर्षं होते, त्यानंतर दीड वर्ष खासगी विमा कंपनीत, आणि २०२१ पासून कराडला म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करते. तिन्ही ठिकाणचं मीठ खाल्लं आहे. त्यामुळे तिला एका वाक्यात उत्तर देणं मला जमेना. आम्ही दोन दिवस वही घेऊन बसलो. त्या वहीतलं इथे लिहिते आहे, कारण बी.कॉम., बीबीए झालेली बरीच मुलं हाच प्रश्न घेऊन येतात आणि "सुरुवातीचा पगार किती" एवढंच विचारून निर्णय घेतात.

मला कळायला उशीर झाला ती गोष्ट अशी, की या तीन कामांत तुमच्या नावावर साठत जाणारी वस्तू वेगवेगळी असते. बँकेत स्केल साठतं, म्हणजे हुद्दा आणि मूळ वेतन. विम्यात रिन्यूअल साठतं, म्हणजे जुन्या पॉलिसींचे चालू राहिलेले हप्ते. गुंतवणुकीच्या कामात लोकांचे तुमच्यामार्फत गुंतलेले पैसे साठतात आणि त्यावरचा ट्रेल, म्हणजे दर वर्षी मिळत राहणारं कमिशन, मिळतो. कामाचा ताणही बरोबर तिथेच बसतो, जे साठतंय ते गळण्याच्या भीतीत.

बँकेपासून सुरू करते. मी २०१४ साली रुजू झाले तेव्हा स्केल वनचं मूळ वेतन १४,५०० रुपयांपासून सुरू होत होतं आणि महागाई भत्ता धरून हातात पंचवीस हजारांच्या आसपास पडत. पुढच्या मे महिन्यात बँक कर्मचारी संघटनांचा दहावा करार झाला, तो नोव्हेंबर २०१२ पासून लागू धरला गेला, आणि तेच मूळ वेतन २३,७०० झालं. मला थकबाकीही मिळाली. नव्या मुलांनी यातली एक गंमत समजून घ्यावी. नवा करार होतो तेव्हा साठलेला महागाई भत्ता मूळ वेतनात मुरवला जातो, म्हणून उडी मोठी दिसते, खरी वाढ त्याहून बरीच कमी असते. आता बाराव्या करारानंतर स्केल वनची सुरुवात ४८,४८० वर आहे आणि भत्ते धरून एकूण पगार गावाप्रमाणे सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जातो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, साताऱ्या-सांगलीकडच्या घरात, हा आकडा मोठाच आहे. आणि पहिल्या महिन्यापासून तो पूर्ण मिळतो, हे मुद्दाम लक्षात ठेवा. पुढे हिशेबात लागणार आहे.

बढतीचा रस्ता छापील असतो. दोन वर्षं प्रोबेशन, मग साधारण तीन-चार वर्षांनी स्केल टू ची परीक्षा आणि मुलाखत. मधल्या काळात जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा दिल्या तर पगारात जादा वेतनवाढी मिळतात आणि बढतीच्या वेळी त्यांचा उपयोग होतो. मी दोन्ही पहिल्या तीन वर्षांत उरकल्या. लग्न, बदली, मूल यांच्या आधी उरका, नंतर पुस्तक उघडायला वेळ मिळत नाही. स्केल वन ते सात अशी शिडी आहे, चांगल्या बँकेत चाळिशीच्या आत स्केल फोरपर्यंत पोचलेले लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक बढतीबरोबर बदली आलीच, ती बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात.

माझी पहिली शाखा यवतमाळ जिल्ह्यात होती. नोटाबंदी मी तिथेच काढली. सकाळी सात वाजता शाखेबाहेर रांग, रात्री अकराला कॅश जुळवून डे-एंड. पुढच्या वर्षी जूनमध्ये कर्जमाफी जाहीर झाली आणि आम्ही दिवाळीपर्यंत खात्यांच्या याद्या तपासत होतो. दीड लाखाच्या मर्यादेत कोण बसतो, कोणाचं खातं कोणत्या तारखेला थकीत होतं, पती-पत्नीची खाती एकत्र धरायची का. शेतकरी समोर बसून विचारायचा, "मॅडम, माझं नाव आलं का?" आणि यादी तर वरून यायची. तो काळ थकवणारा होता, पण शाखेतले सगळे बरोबर होते, घरी गेल्यावर झोप लागायची.

झोप उडवणारा ताण वेगळा. तो सहीचा.

२०१८ मध्ये मला स्केल टू मिळालं आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या शाखेची मॅनेजर म्हणून पाठवलं. तिथे मी एक गृहकर्ज मंजूर केलं. पॅनेलवरच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट होता, व्हॅल्युएशन होतं, पगाराच्या पावत्या होत्या. सात-आठ हप्ते आले आणि बंद झाले. हप्ता तीस दिवस थकला की खातं एसएमए-१ या धोक्याच्या इशाऱ्याच्या गटात जातं, साठ दिवसांनी एसएमए-२ मध्ये, आणि नव्वद दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. माझं हे खातं मंजुरीपासून वर्षाच्या आत एनपीए झालं. याला बँकेत क्विक मॉर्टॅलिटी म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की मॅनेजरच्या पोटात गोळा येतो, कारण अशा खात्याची जबाबदारी कोणाची हे तपासलं जातं. पगाराच्या पावत्या खोट्या निघाल्या. मालकाला मी फोन केला होता, पण तशी नोंद फाइलमध्ये लिहिली नव्हती. कामाच्या जागी स्वतः गेले नव्हते. प्रादेशिक कार्यालयाकडून खुलासा मागवणारं पत्र आलं आणि सहा महिने मी त्याच्याच सावलीत होते. अखेर लेखी समज देऊन प्रकरण मिटलं, पण त्या वर्षीची माझी बढतीसाठीची गोपनीय नोंद बिघडली.

म्हणून बँकेत जाणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच असतं. मंजुरीआधीची पाहणी स्वतः करा, तारीख-वेळ-भेटलेल्या माणसाचं नाव टाकून फाइलमध्ये नोंद करा. फोन केला तर कोणत्या नंबरवर, कोण बोललं, काय बोललं ते लिहा. कर्ज बुडणं हा धंद्याचा भाग आहे हे तपासणारे अधिकारीही मान्य करतात. काळजी घेतली होती हे कागदावर दिसत नसेल तर मात्र तुमच्या तोंडी सांगण्याला किंमत उरत नाही.

आणखी एक ताण अलीकडे वाढला आहे, तो विक्रीचा. सरकारी शाखेतही विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड यांचे आकडे रोज संध्याकाळी विचारले जातात. मला एकदा व्हीसीवर सांगितलं गेलं की प्रत्येक गृहकर्जाबरोबर एक पॉलिसी गेली पाहिजे. कर्जदार नाही म्हणू शकत नाही अशा वेळी त्याच्यापुढे प्रपोजल फॉर्म सरकवणं मला जड गेलं. "बँकेत विकावं लागत नाही" असं समजून कोणी जात असेल तर तो समज आधीच सोडावा. फरक एवढाच, की आकडा नाही झाला तर सरकारी बँकेत पगार कापला जात नाही. खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजरचा इन्सेंटिव्ह आणि पुढची नेमणूक थेट त्यावर ठरते.

बदलीमुळे मी नोकरी सोडली. मुलगी दोन वर्षांची होती, नवरा कराडला, आणि पुढची बदली राज्याबाहेर दिसत होती. त्यात एका खासगी विमा कंपनीतून सातारा जिल्ह्यासाठी विचारणा झाली, पगारही बँकेएवढाच. मी जानेवारी २०२० मध्ये सेल्स मॅनेजर म्हणून रुजू झाले.

या हुद्द्याचं नाव ऐकून काम कळत नाही, म्हणून भाचीचं ऑफर लेटर आम्ही ओळीनं वाचलं. वर्षाला ४ लाख २० हजारांचं पॅकेज, हातात येणार सव्वीस हजार, बाकी इन्सेंटिव्ह. काम काय, तर स्वतः पॉलिसी विकायची नाही, एजंट भरती करायचे आणि त्यांच्याकडून धंदा आणायचा. पहिल्या सहा महिन्यांत बारा एजंटांचे कोड काढायचे आणि वर्षात पॅकेजच्या सहापट नवा हप्ता, म्हणजे सुमारे २५ लाख. हे महिन्याला दोन लाख होतात. सरासरी हप्ता चाळीस हजार धरला तर महिन्याला पाच पॉलिसी.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात बारा एजंटांतले तीन-चारच चालतात. एजंट होणं अवघड नाही, दहावी पास, पंचवीस तासांचं प्रशिक्षण आणि पन्नास प्रश्नांची परीक्षा, त्यात पस्तीस टक्के मिळाले की झालं. पण परीक्षा पास झालेला माणूस पहिल्या दोन-तीन पॉलिसी स्वतःच्या घरातच विकतो. बायको, मेहुणा, शेजारी. नातेवाईक संपले की तो थंडावतो आणि मॅनेजर पुन्हा नवा एजंट शोधायला लागतो. माझ्या टीममध्ये हे चक्र दर तीन महिन्यांनी फिरायचं. दर एक तारखेला फळ्यावरचा आकडा शून्य व्हायचा. मागच्या महिन्यात कितीही मोठं काम केलेलं असो, नवीन महिना पहिल्या दिवशीच विचारायचा, "आज किती लॉगिन?" लॉगिन म्हणजे कंपनीत जमा केलेला नवा प्रपोजल फॉर्म.

बँकेत आणि इथे ताणाची चव वेगळी आहे हे मला तेव्हा कळलं. बँकेत मागे केलेल्या सहीची भीती होती. विम्याच्या नोकरीत पुढच्या तीस तारखेची. पहिली हळू चढते आणि वर्षानुवर्षं राहते, दुसरी दर महिन्याला येते आणि एक तारखेला पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मला पहिली झेपत होती, दुसरी झेपली नाही. माझ्याबरोबरची एक मुलगी नेमकी उलटी होती. तिला शाखेतला कागदांचा ढीग नको होता, माणसांत हिंडणं हवं होतं. ती आज तीन जिल्ह्यांची प्रमुख आहे आणि पगार माझ्या बॅचच्या बँकवाल्यांपेक्षा जास्त आहे. विमा कंपनीत बढती वर्षं मोजून मिळत नाही, आकडा आला की दीड वर्षात मिळते. आकडा दोन तिमाही आला नाही तर सुधारणेची मुदत देणारं पत्र येतं, आणि बहुतेक लोक त्याच्या आधीच दुसऱ्या कंपनीत जातात.

त्या दीड वर्षातली एक गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगते. माझ्या टीमच्या एजंटानं एका किराणा दुकानदाराची पॉलिसी केली होती. माणूस कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. पॉलिसीला तेव्हा चौदा महिने झाले होते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं पूर्ण झाली की पॉलिसीवर शंका घेता येत नाही, पण त्याआधीचा दावा कंपनी तपासू शकते. तपासात निघालं की त्याला आधीपासून मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या, आणि फॉर्ममध्ये "नाही" वर खूण होती. ती खूण दुकानदारानं केलेली नव्हती. एजंटानं महिनाअखेरीच्या घाईत फॉर्म स्वतः भरला होता, कारण "हो" लिहिलं असतं तर मेडिकल लागलं असतं आणि लॉगिन पुढच्या महिन्यात गेलं असतं. दावा नाकारला गेला. मी त्याच्या बायकोसमोर बसले होते, त्या दिवशी मी राजीनामा लिहायचा ठरवला. प्रपोजल फॉर्म ग्राहकाला वाचून दाखवा, आजाराचे प्रश्न त्याच्या तोंडून उत्तर घेऊनच भरा, मग लॉगिन जाऊ दे पुढच्या महिन्यात.

मात्र विम्याची नोकरी आणि विम्याची एजन्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांत गल्लत करू नये. आमच्या ओळखीचे एक काका तीस वर्षांपासून एजंट आहेत. त्यांना कोणी टार्गेट देत नाही. आम्ही वहीत त्यांच्यासारख्या माणसाचा हिशेब मांडला. दर वेगवेगळ्या योजनांना वेगवेगळे असतात आणि बदलतही राहतात, म्हणून समजण्यापुरते पहिल्या वर्षी हप्त्याच्या २५ टक्के आणि पुढे दर वर्षी ५ टक्के धरले.

समजा एजंट दर वर्षी १५ लाखांचा नवा हप्ता आणतो. पहिल्या वर्षीचं कमिशन पावणेचार लाख. हे तो दहा वर्षं करत राहिला आणि एकही पॉलिसी बंद पडली नाही, तर दहा वर्षांनी त्याच्या पुस्तकात दीड कोटीचा चालू हप्ता असेल आणि त्यावर ५ टक्क्यांनी साडेसात लाख रुपये, त्या वर्षी काही नवं न विकताही. आता धरा की अर्ध्या पॉलिसी मधेच बंद पडल्या. रिन्यूअल पावणेचार लाखांवर येतं. ही तूट नव्या विक्रीतून भरायची तर २५ टक्क्यांच्या दरानं दर वर्षी आणखी १५ लाखांचा हप्ता आणावा लागेल. म्हणजे अकराव्या वर्षी त्याला पहिल्या वर्षाच्या दुप्पट पळावं लागेल, तेही पन्नाशीकडे झुकताना.

भाची हा हिशेब पुन्हा पुन्हा बघत होती. या धंद्यात याला पर्सिस्टन्सी म्हणतात आणि ती तेराव्या महिन्याला पहिल्यांदा कळते, कारण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीचा दुसरा हप्ता तेव्हा येतो. काकांची वही मी पाहिली आहे. त्यात हप्त्याच्या तारखांशेजारी लग्नं, बाळंतपणं, द्राक्षाच्या पैशांचे महिने लिहिलेले आहेत. बागायतदाराचा हप्ता ते पैसे हातात येतात त्या महिन्यात लावतात. पगार वीस हजार असलेल्याला ते पन्नास हजारांचा हप्ता कधी सांगत नाहीत, कारण तो दुसऱ्या वर्षी भरणार नाही हे त्यांना माहीत आहे. नवा एजंट उलट करतो, पहिल्या वर्षीचं कमिशन दिसतं म्हणून मोठा हप्ता गळ्यात मारतो, वर स्वतःच्या कमिशनमधून ग्राहकाला पैसे परत देतो. अशी सूट द्यायला कायद्यानं बंदी आहे, शिवाय ज्याला पहिला हप्ता स्वस्त पडला तो दुसरा पूर्ण भरायला नाखूश असतो.

आता तिसरं क्षेत्र, जिथे मी आज आहे. आधी नावाचा गोंधळ मिटवते, कारण जाहिरातीत "इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर हवेत" असं लिहिलेलं असतं आणि आत गेल्यावर भलतंच काम निघतं. सेबीच्या नियमांप्रमाणे गुंतवणूक सल्लागार म्हणजे नोंदणी केलेला माणूस, जो ग्राहकाकडून फी घेतो आणि कमिशन घेत नाही. त्यासाठी एनआयएसएमच्या दहा-ए आणि दहा-बी या दोन परीक्षा लागतात. मी आहे वितरक. मला एनआयएसएमची पाच-ए ही शंभर गुणांची परीक्षा द्यावी लागली, मग ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेकडून एआरएन हा नोंदणी नंबर मिळाला, आणि माझं उत्पन्न फंड कंपनीच्या कमिशनमधून येतं. मला स्वतःला "सल्लागार" म्हणवून घ्यायला परवानगी नाही. तेव्हा कोणी या नावाची नोकरी देत असेल तर पहिला प्रश्न विचारा, पैसे ग्राहक देतो की कंपनी? कंपनी देत असेल तर ती विक्रीची नोकरी आहे. ती वाईट नसते, फक्त ती काय आहे ते माहीत असावं.

वितरकाचं कमिशन पूर्वी पैसे गुंतवतानाच एकरकमी मिळायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीनं ते बंद केलं. आता मुख्यतः ट्रेल, म्हणजे ग्राहकाचे पैसे जोवर फंडात आहेत तोवर त्यांच्या बाजारभावावर वर्षाला काही टक्के. इक्विटी फंडात हे अर्धा ते एक टक्क्याच्या मधे कुठेतरी असतं. आम्ही ०.८ टक्के धरले आणि भाचीला वाटणाऱ्या "बरं चाललंय" चा हिशेब केला.

समजा दर महिन्याला ती दहा हजारांची नवी एसआयपी मिळवते. कराडसारख्या गावात याचा अर्थ महिन्याला तीन-चार नवी कुटुंबं, आणि सुरुवातीला हे जमलं तर चांगलंच. पहिल्या महिन्यात दहा हजार जमा, दुसऱ्यात वीस, बाराव्यात एक लाख वीस हजार. वर्षाअखेर एकूण जमा ७ लाख ८० हजार. त्यावर ०.८ टक्के म्हणजे वर्षाला ६,२४०. महिन्याला ५२० रुपये.

तिला वाटलं मी शून्य विसरले. मी म्हटलं, पुन्हा कर. तेवढंच आलं.

त्याच गतीनं पाच वर्षं काम केलं, एकही एसआयपी थांबली नाही आणि बाजार वाढलाही नाही असं धरलं, तर जमा होते १ कोटी ८३ लाख आणि ट्रेल महिन्याला १२,२००. दहा वर्षांनी जमा ७ कोटी २६ लाख, ट्रेल महिन्याला ४८,४००. बँकेत जे मूळ वेतन पहिल्या दिवशी मिळतं, जवळजवळ त्याच आकड्याला पोचायला इथे दहा वर्षं लागली. बाजार वाढला तर लवकर पोचता येईल, एसआयपी बंद पडल्या तर उशिरा. त्यातून ऑफिसचं भाडं, ऑफिसात ठेवलेल्या मुलाचा पगार, प्रवास. पण यापुढचा भागही हिशेबात आहे. दहाव्या वर्षानंतर ती रक्कम मीच सोडली नाही तर थांबत नाही, बदली होत नाही, आणि बाजार बारा-पंधरा वर्षांत वाढतो तेव्हा ट्रेलही वाढतो.

मग मी जगले कशावर? नवऱ्याचा पगार होता, आणि बँकेतली ओळख होती. माझ्या पहिल्या वर्षातले निम्मे पैसे निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचे होते. त्यांचे ग्रॅच्युइटीचे पैसे एकरकमी आले, म्हणून माझी सुरुवात भाचीच्या हिशेबापेक्षा खूप बरी झाली. ज्याच्यापाशी असा ओळखीचा गोतावळा नाही आणि घरात दुसरा पगार नाही, त्यानं बाविसाव्या वर्षी स्वतंत्र वितरक होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एखाद्या मोठ्या वितरकाकडे किंवा फंड कंपनीत तीन वर्षं नोकरी करावी. फी घेणाऱ्या सल्लागाराचं गणित कागदावर चांगलं दिसतं, साठ कुटुंबं वर्षाला पंधरा हजार देत असतील तर नऊ लाख होतात. पण आपल्याकडे सल्ल्याचे वेगळे पैसे मागणं फार अवघड आहे. पुण्या-मुंबईत माझे दोन मित्र हे काम नेटानं करतात, दोघांनाही पहिली साठ कुटुंबं मिळवायला चार वर्षांहून जास्त लागली.

इथला ताण कोणी सांगत नाही. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी सव्वीस हजारांच्या वर होता, मार्चच्या सुरुवातीला बावीस हजारांवर आला. या पाच महिन्यांत माझे ग्राहक घाबरले, आणि नेमकं तेव्हाच माझं उत्पन्नही कमी झालं, कारण ट्रेल बाजारभावावर असतो. जास्त काम आणि कमी पैसे, एकाच वेळी. सकाळी साडेनऊला फोन सुरू व्हायचे. एका निवृत्त शिक्षकांनी मुलीच्या लग्नाचे पैसे मिडकॅप फंडात ठेवायला लावले होते, मी नको म्हटलं होतं पण नेट लावला नव्हता. लग्न एप्रिलमध्ये होतं. त्यांना तोट्यात पैसे काढावे लागले. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही, आणि ते मला जास्त लागलं. तेव्हापासून तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे मी इक्विटीत घेतच नाही, ग्राहक रागावला तरी चालेल.

बँकेत चूक झाली तर पत्र येतं, विम्यात आकडा आला नाही तर फोन येतो. इथे वरून काहीच येत नाही. कोणी वरिष्ठ नाही, बढती नाही, हुद्दा नाही. प्रगती झाली की नाही हे एका ग्राहकानं आपल्या भावाला माझ्याकडे पाठवलं का, यावरून कळतं. काही लोकांना ही शांतता मानवत नाही. माझा एक सहकारी तिसऱ्या वर्षी परत बँकेत गेला, सकाळी दहाला कुठेतरी पोचायचं असतं याचीच त्याला गरज होती असं तो म्हणाला.

भाचीला मी शेवटी तीन गोष्टी वहीत लिहायला लावल्या. पुढची पाच वर्षं घरात किती पैसे देणं भाग आहे? बापाच्या शेतीवर कर्ज होतं, त्यामुळे उत्तर "महिन्याला पंचवीस हजार" असं आलं. विम्याच्या ऑफरमध्ये हातात सव्वीस येत होते, ते तिथेच बाद झालं. दुसरं, गाव सोडायची तयारी आहे का? होती. तिसरं, तुझ्या ओळखीतल्या अशा दहा माणसांची नावं लिही जी तुझ्यावर विश्वास ठेवून एक लाख रुपये देतील. तिनं चार लिहिली, त्यांतली एक मी होते.

ती बँकेत रुजू झाली. पहिली शाखा छत्तीसगडच्या सीमेजवळ मिळाली आहे, भाड्याची खोली शाखेसमोरच. जेएआयआयबीची पुस्तकं माझ्याकडची जुनी मागवून घेतली, मी म्हटलं अभ्यासक्रम बदललाय, नवी घे. गेल्या आठवड्यात तिचा रात्री फोन आला. एका ट्रॅक्टर कर्जाच्या पाहणीला ती स्वतः बारा किलोमीटर जाऊन आली होती आणि विचारत होती, नोंदीत शेजारच्या शेतकऱ्याचं नाव लिहायचं की फक्त कर्जदाराचं. मी म्हटलं, दोघांचंही लिही, आणि वेळ घाल.